सांगलीच्या हळदीचा दर शोधताना पहिलं पान चुकीचं का निघतं? सर्च इंजिनच्या क्रमवारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारीत नवी हळद यार्डात येऊ लागली की मिरज, वाळवा, पलूसपासून वाई-कराडपर्यंतचे शेतकरी मोबाईलवर एकच गोष्ट शोधतात: ‘सांगली हळद आजचा दर’. पहिल्या पानावर जो आकडा दिसतो तो धरून गाडी भरली जाते. यार्डात पोचल्यावर कळतं की तो आकडा त्या दिवसाचा नव्हता, कधीकधी सांगलीचाही नव्हता. ‘गूगलनं पहिलं दाखवलं म्हणजे बरोबरच असणार’ हा समज यामागे असतो, म्हणून इथे हा एकच शोध घेऊन सगळे प्रश्न सोडवले आहेत. हळदीऐवजी बेदाणा, गूळ किंवा सोयाबीन धरलं तरी यातलं फारसं काही बदलत नाही.

मी शोध टाकला की सर्च इंजिन त्या क्षणी सगळं इंटरनेट चाळतं का?

नाही. ते काम आधीच झालेलं असतं. क्रॉलर नावाचा प्रोग्राम एका पानावरून लिंक धरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर जात राहतो आणि प्रत्येक पानाचा मजकूर घेऊन येतो. त्या मजकुरातून एक प्रचंड सूची बनते, तिला इंडेक्स म्हणतात. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कोणता शब्द कुठल्या पानांवर आहे ते सांगणारी, तशीच ही. ‘हळद’ या शब्दासमोर तो शब्द असलेल्या सगळ्या पानांची यादी तयार असते, ‘सांगली’समोर वेगळी यादी. तुम्ही दोन्ही शब्द टाकता तेव्हा दोन्ही याद्यांत असलेली पानं आधी निवडली जातात आणि मग त्यांचा क्रम लागतो.

यातून एक गोष्ट ओघानंच येते. तुम्हाला जे दिसतं ते क्रॉलर शेवटचा येऊन गेला तेव्हाचं असतं. मोठ्या बातम्यांच्या संकेतस्थळांवर तो दिवसातून अनेकदा फिरकतो. क्वचित बदलणाऱ्या छोट्या संस्थेच्या पानावर तो आठवड्यांनीही येतो. त्यामुळे सकाळचा सौदा संपल्यावर दुपारी टाकलेला दर छोट्या पानावर असला, तरी इंडेक्सला संध्याकाळपर्यंत त्याचा पत्ता नसतो.

मग यार्डातला खरा दर इंडेक्समध्ये का सापडत नाही?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. क्रमवारीची चर्चा करताना लोक धरून चालतात की सगळी पानं शर्यतीत उतरली आहेत आणि त्यातलं एक जिंकलं आहे. प्रत्यक्षात आपल्याला हवं ते पान बहुतेक वेळा शर्यतीतच नसतं. त्याची कारणं वेगवेगळी आहेत.

पहिलं कारण फॉर्मचं. कृषी पणन मंडळासारख्या अधिकृत ठिकाणी दर बघायचे तर आधी यादीतून जिन्नस किंवा बाजार समिती निवडावी लागते, मग तक्ता उघडतो. माणूस यादीतून ‘हळद’ निवडतो. क्रॉलर मुख्यतः लिंक धरून चालतो, यादीतले पर्याय एकेक निवडून बघत बसत नाही. त्याला दिसतं ते रिकामं पान आणि वर एक शीर्षक. तक्ता खरा असतो, रोजचा असतो, पण इंडेक्सच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसतो.

दुसरं कारण व्हॉट्सॲपचं. सांगलीत दर सगळ्यात लवकर फिरतो तो अडत्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या ग्रुपवर. सौदा झाला की तासाभरात हळकुंड, गड्डा, कणी यांचे वेगवेगळे दर तिथे आलेले असतात. तिथे क्रॉलरला प्रवेश नाही, आणि नसावाही. म्हणजे या प्रश्नाचं चांगल्यातलं चांगलं उत्तर वेबवर नाहीच. सर्च इंजिन ‘माझ्याकडे चांगलं उत्तर नाही’ असं सांगून थांबत नाही. त्याच्याकडे जी पानं आहेत त्यातलं एक ते पहिलं ठेवतंच.

तिसरं कारण अक्षरांचं, आणि हे खास आपलं दुखणं आहे. अनेक संस्थांची परिपत्रकं आणि दरपत्रकं अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप होतात आणि तशीच पीडीएफ करून चढवली जातात. या फॉन्टात आत साठवलेली अक्षरं देवनागरी नसतातच. इंग्रजी अक्षरांना देवनागरीचं रूप चढवलेलं असतं. कृतिदेवमध्ये ‘हळद’ टाइप केलं तर पडद्यावर हळद दिसते, पण फाईलमध्ये असतं ते हे:

```
gGn
```

माणूस डोळ्यांनी वाचतो म्हणून त्याला फरक कळत नाही. यंत्र साठवलेले कोड वाचतं. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवरच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये, ‘हळद’ शोधता आणि त्या फाईलमध्ये तो शब्द सापडत नाही. तपासायचं असेल तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून मेसेजमध्ये पेस्ट करा. मराठी आली तर फाईल युनिकोडमध्ये आहे. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर ते दरपत्रक शोधात सापडण्याची आशा जवळजवळ नाही. दरफलकाचा फोटो काढून चढवला तरी अडचण तीच. फोटोतली अक्षरं ओळखता येतात, पण हातानं लिहिलेल्या मराठी आकड्यांवर तो भरवसा टिकत नाही.

शब्द जुळले की क्रम कसा ठरतो?

सगळ्या शब्दांना सारखं वजन नसतं. जो शब्द जितक्या कमी पानांवर, तितकं त्याचं वजन जास्त. केंब्रिजच्या संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी ही कल्पना १९७२ मध्ये मांडली आणि आजही ती क्रमवारीच्या पायाशी आहे. समजा मराठी पानांपैकी दर तीन पानांत एका ठिकाणी ‘आज’ हा शब्द येतो, दोनशे पानांत एका ठिकाणी ‘सांगली’ येतो आणि पन्नास हजारांत एका ठिकाणी ‘राजापुरी’ हे हळदीच्या जातीचं नाव. मग ‘आज’ असल्यानं पानाला जेमतेम काही मिळतं, ‘सांगली’ असल्यानं बरंच, आणि ‘राजापुरी’ असल्यानं सगळ्यात जास्त. म्हणूनच नुसता ‘हळद दर’ टाकण्यापेक्षा ‘सांगली राजापुरी हळद’ टाकलं की यादी एकदम बदलते.

शब्द किती वेळा आला हेही मोजलं जातं, पण एका मर्यादेपर्यंत. पहिल्या दोनचार वेळांना मोल असतं, नंतर वाढ मंदावत जाते. वीस वेळा ‘हळद’ लिहिलेल्या पानाला दोन वेळा लिहिलेल्या पानाच्या दहापट गुण मिळत नाहीत. पान लांबलचक असेल तर तेही जमेत धरलं जातं, कारण लांब पानात शब्द आपोआप जास्त वेळा येतात. शीर्षकातल्या शब्दाला मजकुरातल्या शब्दापेक्षा जास्त मान असतो.

आता बघा, दरांची जमवाजमव करणारं एखादं संकेतस्थळ आपल्या पानाला नाव देतं, ‘सांगली हळद आजचा दर’. हे तुमच्याच शोधाचे शब्द, त्याच क्रमानं. बाजार समितीच्या पानाचं शीर्षक मात्र असतं ‘मुख्यपृष्ठ’. शब्दांच्या कसोटीवर पहिलं पान जिंकणारच. त्या पानावरच्या तक्त्यात काय आहे, ते खरं आहे का, हे या कसोटीत कुठेच आलेलं नाही.

‘हळद’, ‘हळदीचा’, ‘हळदीला’, ‘halad’ हे सगळं इंजिनला एकच वाटतं का?

बऱ्याच अंशी, पण पूर्ण नाही. मराठीत नाम प्रत्यय घेताना आतून बदलतं, त्यामुळे ‘हळदीला’मधून ‘हळद’ ओळखणं हे शेवटची अक्षरं कापण्याइतकं सोपं नाही. २०१९ पासून गूगलनं शोधाचा अर्थ संदर्भासह समजून घेणारी भाषिक मॉडेल्स वापरायला सुरुवात केली आणि तेव्हापासून फरक पडला आहे. तरी इंग्रजीत अशी यंत्रणा जितक्या मजकुरावर घडते तितका मराठी मजकूर वेबवर नाही. इंग्रजी अक्षरांत ‘halad bhav’ लिहिलंत तर वेगळीच यादी येऊ शकते. दोन्ही पद्धतींनी शोधून बघायला काही जात नाही.

लिंकचं काय? जास्त लिंक म्हणजे चांगलं पान असं ऐकलं होतं.

ही कल्पना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना मांडली, १९९८ च्या त्यांच्या पेपरात ती सविस्तर आहे. तिचं नाव पेजरँक. एक माणूस वेबवर दिशाहीन भटकतो आहे अशी कल्पना करा. तो ज्या पानावर आहे तिथली कोणतीही एक लिंक दाबतो आणि पुढे जातो. शंभरातल्या साधारण ८५ वेळा असं करतो, उरलेल्या १५ वेळा कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अखंड भटकत राहिला तर ज्या पानावर तो वारंवार सापडेल ते पान महत्त्वाचं. म्हणजे नुसत्या लिंकांची संख्या पुरत नाही. ज्याच्याकडे स्वतःच भरपूर लोक येतात अशा पानावरून आलेली एक लिंक, कुणी न पाहणाऱ्या पन्नास पानांवरच्या लिंकांपेक्षा भारी.

विद्यापीठातल्या लोकांच्या वेबवर हे छान चाललं, कारण तिथे लिंक देणं म्हणजे ‘हे वाचा, चांगलं आहे’ अशी शिफारस होती. आपल्या उदाहरणात ते कोसळतं. सांगलीचे अडते, तोलणार, हमाल, हळद उत्पादक यांना खरा दर कुठे मिळतो ते पक्कं ठाऊक आहे, पण त्यातल्या किती जणांचं स्वतःचं संकेतस्थळ आहे? त्यांची शिफारस तोंडी होते, लिंकच्या रूपात उमटत नाही. उलट मुंबई-पुण्याच्या मोठ्या वृत्तसंस्थळाला देशभरातून लिंका असतात, क्रिकेटच्या बातमीमुळे, निवडणुकीच्या बातमीमुळे. त्या सगळ्या पुण्याईचा वाटा आतल्या लिंकांवाटे त्यांच्या हळदीच्या पानालाही मिळतो, भले ते पान लिहिणारा कधी यार्डात गेला नसेल.

लिंकांचा बाजारही सुरू झाला. पैसे देऊन लिंका घ्यायच्या, एकमेकांना द्यायच्या. त्याला आळा घालायला गूगलनं २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा मोठा बदल केला. आज लिंक हा अनेक संकेतांपैकी एक आहे, पण तो गेलेला नाही.

लोक ज्यावर जास्त क्लिक करतात तेच वर येत असेल ना? म्हणजे लोकांनीच निवडलेलं?

क्लिक मोजले जातात हे आता उघड आहे. अमेरिकेत गूगलविरुद्ध मक्तेदारीचा खटला चालला, त्यात २०२३ मध्ये झालेल्या साक्षींतून ‘नॅवबूस्ट’ नावाची यंत्रणा पुढे आली. कोणत्या शोधाला लोकांनी कुठे क्लिक केलं याची १३ महिन्यांची नोंद ती ठेवते आणि क्रमवारीत वापरते.

पण क्लिक म्हणजे पसंती नव्हे. थॉर्स्टन योआकिम्स आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा सुरेख प्रयोग केला होता, निष्कर्ष २००५ मध्ये छापले. लोकांना नकळत त्यांनी पहिल्या दोन निकालांची अदलाबदल केली. खरं तर दुसऱ्या क्रमांकाला योग्य असलेलं पान पहिलं ठेवलं. तरीही लोक पहिल्या जागेवरच्याच पानावर जास्त क्लिक करत राहिले. क्लिक पानाला कमी आणि जागेला जास्त मिळतो. इंजिनं हा कल वजा करायचा प्रयत्न करतात, पण तो पूर्ण वजा होत नाही, आणि जे वर आहे ते वरच राहायला मदत होते.

हळदीच्या दरात आणखी एक गुंता आहे. स्वयंपाकाची कृती चुकली तर माणूस परत येऊन दुसरं पान उघडतो, आणि पहिल्या पानानं समाधान झालं नाही हे इंजिनला कळतं. चुकीचा दर मात्र बरोबर दरासारखाच दिसतो. शेतकरी आकडा बघतो, फोन खिशात ठेवतो. इंजिनच्या लेखी तो समाधानी ग्राहक. दर चुकीचा होता हे त्याला दुसऱ्या दिवशी यार्डात कळतं, आणि ती नाराजी इंजिनपर्यंत कधीच पोचत नाही. चुकीचं उत्तर दिसताक्षणी ओळखता येत नाही अशा प्रश्नांत क्लिकवर विसंबणं धोक्याचं असतं ते यामुळे.

पानावर आजची तारीख असते, तरी दर जुना कसा?

‘आजचा’ हा शब्द आला की इंजिनला कळतं की ताजं पान हवं आहे, आणि ते ताज्या पानांना झुकतं माप देतं. प्रश्न असा की ताजेपणा मोजायचा कशावरून? पानावर दिसणारी तारीख, पानाच्या कोडमध्ये दिलेली बदलाची तारीख आणि मागच्या भेटीपासून मजकुरात झालेला फरक, यांवरून. यातल्या पहिल्या दोन गोष्टी पान चालवणाऱ्याच्या हातात असतात. रोज मध्यरात्री शीर्षकातली तारीख आपोआप बदलायची आणि तक्ता तसाच ठेवायचा, एवढं केलं की जुनं पान ताजं दिसू लागतं.

अशी पानं माणूस लिहीत नाही. एकच साचा असतो, त्यात बाजार समितीचं नाव आणि जिन्नसाचं नाव भरलं जातं. महाराष्ट्रात तीनशेवर बाजार समित्या आहेत. प्रत्येकीसाठी पन्नास जिन्नस धरले तरी पंधरा हजार पानं एका प्रोग्राममधून तयार होतात, त्यात जिथे हळदीचा सौदाच होत नाही अशा गावांच्या ‘आजच्या हळदीच्या दराची’ पानंही आली. आकडा मिळाला नाही की साचा शेवटचा मिळालेला आकडा दाखवतो, काही तर जवळच्या बाजाराचा उचलतात. गूगलनं मार्च २०२४ मध्ये अशा घाऊक पानांविरुद्ध नियम कडक केले. त्यानं काही पानं गेली, पण साचे पुन्हा उगवतात, आणि मराठीत स्पर्धा करायला चांगली पानं कमी असल्यानं ती इथे जास्त टिकतात.

एक उदाहरण घेऊन सगळं एकत्र दाखवाल का?

मार्चमधला एखादा मंगळवार धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, दर म्हणून धरू नका. यार्डात त्या दिवशी राजापुरी हळदीला क्विंटलला किमान १२,०००, कमाल १७,५०० आणि सर्वसाधारण १४,५०० दर निघाला. तुम्ही संध्याकाळी शोध टाकता.

पहिल्या क्रमांकावर जमवाजमव करणारं पान येतं. शीर्षक तंतोतंत जुळतं, तारीख आजची, मोबाईलवर चटकन उघडतं. आत सर्वसाधारण दर १५,८०० लिहिला आहे, तो आठवड्यापूर्वीचा आहे. दुसऱ्या क्रमांकावर मोठ्या वृत्तसंस्थळाची बातमी: ‘सांगलीत हळदीला २१,००० चा उच्चांकी दर’. संस्थळाचं वजन मोठं, त्यामुळे बातमी पंधरा दिवसांची असूनही टिकून आहे. तिसऱ्यावर आणखी एक पान, त्यात १३,९०० हा आकडा आहे, पण तो वायदेबाजाराचा आहे. हळदीच्या वायद्याचं मूळ केंद्र निजामाबाद आहे, तिथल्या मालाची प्रत वेगळी, सांगलीच्या राजापुरीला तो दर लागू होत नाही. १४,५०० हा आकडा पहिल्या दहांत कुठेच नाही. तो पणन मंडळाच्या तक्त्यात आहे, यादीतून निवडल्यावर दिसणाऱ्या, आणि अडत्याच्या ग्रुपवर आहे.

इंजिननं कुठे चूक केली? शब्द जुळवले ते बरोबर, वजनदार संस्थळ ओळखलं तेही बरोबर, ताज्या तारखेला मान दिला तोही रास्त. प्रत्येक पायरी आपापल्या जागी ठीक आहे. फक्त यातली एकही पायरी आकडा खरा आहे का ते तपासत नाही. ४० क्विंटल माल असलेल्या शेतकऱ्यानं १५,८०० धरून हिशोब केला असेल तर क्विंटलमागे १,३०० प्रमाणे तो ५२,००० रुपयांनी चुकतो.

बातमी तर खरी होती. तरी तिच्यावर का विसंबू नये?

कारण ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. हंगामाच्या सुरुवातीला मुहूर्ताच्या सौद्यात निवडक, उत्तम प्रतीच्या थोड्या मालाला चढा दर मिळतो आणि तोच मथळ्यात जातो. बातमीसाठी तो योग्य आहे. तुमच्या मालासाठी उपयोगी असतो तो सर्वसाधारण दर, म्हणजे ज्या भावाला जास्तीत जास्त माल विकला गेला तो. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर लिहिलेले नसतील तर तो आकडा कोणता आहे हेच कळत नाही. इंजिन बऱ्याचदा पानातला एखादा आकडा उचलून वर मोठ्या अक्षरांत दाखवतं, तेव्हा हा संदर्भ गळून पडतो. तो चौकटीतला आकडा बघून थांबू नका, खालचं पान उघडा.

वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं ते काय?

ती जाहिरात. ती जागा बोली लावून विकत घेतलेली असते, वर सांगितलेल्या क्रमवारीशी तिचा संबंध नाही. पेज आणि ब्रिन यांनी १९९८ च्या त्याच पेपराच्या परिशिष्टात लिहिलं होतं की जाहिरातींवर चालणारी सर्च इंजिनं जाहिरातदारांकडे झुकतील. पुढे त्यांचीच कंपनी जाहिरातींवर उभी राहिली. बाजारदर शोधताना तिथे बी-बियाणं, खतं किंवा खरेदीची ॲप दिसतात. अंगठा खाली सरकवून पुढे जा.

दराचं पान भरवशाचं नाही हे ओळखायचं कसं?

मला सगळ्यात खात्रीची वाटते ती कसोटी अशी: यार्ड बंद असेल त्या दिवशी ते पान उघडा. दिवाळीत किंवा संपाच्या दिवशी सौदेच होत नाहीत. त्या दिवशीही पान ‘आजचा दर’ म्हणून आकडा दाखवत असेल तर बाकीच्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवायचं कारण उरत नाही.

दुसरी खूण आवकेची. दर दोन दिवस सारखा राहू शकतो, पण आलेल्या मालाची क्विंटलमधली आवक सलग दोन दिवस शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी येणं जवळजवळ अशक्य. तशी दिसली तर तक्ता कालचाच आहे. आवक दिलेलीच नसेल, तर तक्ता कुठून आला तेही बहुधा दिलेलं नसतं. आणि जात बघा. सांगलीच्या दरात ‘राजापुरी’ किंवा हळकुंड, गड्डा असा उल्लेख नसून नुसतं ‘हळद’ असेल तर सगळ्या प्रतींची सरमिसळ झालेली असू शकते.

मग दर बघायचा कुठे?

या एका कामासाठी सर्च इंजिन मध्ये आणूच नका. कृषी पणन मंडळाचा पत्ता थेट टाइप करा, दरांच्या पानावर जा, ते पान बुकमार्क करून ठेवा आणि दरवेळी तिथे जिन्नस निवडा:

```
msamb.com
```

केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट हा दुसरा आधार, तिथे देशभरच्या बाजारांतले दर असतात. दोन्हीकडे नोंद बाजार समितीकडूनच जाते, त्यामुळे ती यायला उशीर होऊ शकतो, एखादा दिवस गळूही शकतो. म्हणून गाडी भरण्याआधी अडत्याला फोन हवाच, आणि शक्य असेल तर एकाऐवजी दोघांना.

इतर माहिती शोधताना, म्हणजे लागवड, कीड, योजना यांबद्दल, शोधालाच कुंपण घालता येतं. सरकारी संस्थळांपुरता किंवा ठरावीक तारखेनंतरचाच शोध असा घ्या:

```
हळद कंदकूज site:gov.in
सांगली हळद सौदे after:2025-02-01
```

तारखेचं कुंपणही पानानं सांगितलेल्या तारखेवरच चालतं, तेव्हा मघाचा साचा त्यातूनही सुटू शकतो.

आमची सोसायटी रोज दर टाकते. आमचं पान वर यावं म्हणून काय करावं?

आधी ते इंजिनला दिसेल असं करा. फलकाचा फोटो टाकता तो टाका, पण खाली तोच तक्ता युनिकोड मराठीत टाइप करा. प्रत्येक दिवसाला स्वतंत्र पत्ता द्या, म्हणजे कालचा तक्ता पुसला जाणार नाही आणि जुने दर बघायला येणाऱ्यांनाही पान उपयोगी पडेल. शीर्षकात ‘दरपत्रक’ एवढंच न लिहिता बाजार, जिन्नस आणि तारीख लिहा. सौदे बंद असतील त्या दिवशी ‘आज सौदे बंद’ असं स्पष्ट लिहा. तालुक्यातल्या ज्या संस्थांची संकेतस्थळं आहेत, कारखाना, ग्रामपंचायत, महाविद्यालय, त्यांना तुमच्या पानाची लिंक द्यायला सांगा. वर म्हटलं तशी तोंडी शिफारस आपल्याकडे भरपूर असते, ती लिंकच्या रूपात उमटली तरच यंत्राला दिसते. हे करून फळ दिसायला काही महिने लागतात.

महिन्याला पैसे घेऊन ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ देणारे फोन करतात. घ्यावं का?

नाही. क्रमवारीची हमी इंजिनबाहेरचं कुणीही देऊ शकत नाही. बहुतेक वेळा ते संस्थेचं नाव टाकून शोधून दाखवतात, आणि आपल्याच नावावर आपण पहिले तसेही येतो. विचारायचंच असेल तर विचारा: ‘सांगली हळद सर्वसाधारण दर’ या शोधाला आणाल का, आणि त्यासाठी लिंका कुठून आणणार? विकतच्या लिंका निघाल्या तर पान खाली जातं, आणि ते पुन्हा वर आणायचं काम तुमच्या सोसायटीच्या सचिवांनाच करावं लागतं.